दोरीवरची पुस्तकं

साडेनऊला कुलूप उघडलं तेव्हा वर्गात अजून रंगाचा वास होता. दिवाळीच्या सुट्टीत भिंती रंगवायच्या म्हणून आमचा वाचनकोपरा मोडला होता, आणि सगळी पुस्तकं दोन लोखंडी पेट्यांत कडुलिंबाच्या पाल्यासकट बंद होती. पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग, मुलं चोवीस. परिपाठ दहाला. तेवढ्या वेळात निदान खिळे तरी ठोकून व्हायला हवेत.

कोपऱ्याची जागा या वेळी बदलली. आधी तो पश्चिमेच्या खिडकीखाली होता. उजेड भरपूर म्हणून ती जागा निवडली जाते, पण दुपारनंतर ऊन थेट पानावर येतं, मुलं तोंड फिरवून बसतात आणि मुखपृष्ठावरचा लाल रंग वर्षभरात गुलाबी होतो. आता कोपरा आतल्या भिंतीला, खिडकी डाव्या हाताला. बुटकं रॅक आडवं लावलं की तिसरी बाजू बंद होते. आत बसलेल्या मुलाला आडोसा मिळतो, मला फळ्याजवळून त्याचं डोकं दिसतं. सतरंजीवर दोन गोधड्या, पाठीला भाताच्या तुसाच्या उश्या. उश्यांची खोळ काढता येणारी असावी. पहिलीच्या वर्गात ती दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते.

दोऱ्या दोन. खालची जमिनीपासून दोन फुटांवर, म्हणजे बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर, आणि वरची तीन फुटांवर. मधोमध तिसरा खिळा लागतोच, नाहीतर दोरीला झोळ पडून सगळी पुस्तकं मध्ये घसरतात. पातळ, पिना मारलेली पुस्तकं मधून उघडून दोरीवर टाकायचा मोह होतो, पण सगळा भार मधल्या पानावर येतो आणि पहिलं तेच निसटतं. म्हणून मुखपृष्ठ समोर ठेवून वरच्या कडेला कपड्यांचा चिमटा. चिमटा मात्र आधी पहिलीतल्या सगळ्यात बारक्या बोटांना दाबता येतो का ते बघायचं. मुलाला पुस्तक काढायला बाई लागल्या, तर ती दोरी भिंतीची शोभा झाली. जाड बांध्याची पुस्तकं रॅकवर, तीही तोंड पुढे करून. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला पुस्तकाचा कणा काय सांगणार?

दहा ते साडेअकरा परिपाठ, हजेरी आणि भाषेचा तास. दोऱ्या रिकाम्या दिसल्याबरोबर, ‘‘बाई, पुस्तकं कधी?’’ जेवणानंतर, म्हटलं.

साडेअकराला मुलं गणिताला बसली आणि मी त्यांच्यातच पेटी उघडली. एकूण पुस्तकं सव्वाशेच्या आसपास: नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची, ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं, काही केंद्रातून आलेली. बाहेर एका वेळी तीसच. मुलांपेक्षा पाच-सहा जास्त, म्हणजे शेवटी येणाऱ्यालाही निवडायला काहीतरी उरतं. शंभर मांडून पाहिली तर मुलं उलथापालथ करतात, वाचत नाहीत.

प्रत्येक पुस्तकाच्या मागे चिठ्ठी चिकटवलेली आहे. पुस्तक परत टांगताना मूल तिच्यावर आपल्या नेहमीच्या रंगाच्या पेन्सिलीने एक ठिपका काढतं; नाव लिहिता न येणाऱ्यालाही ते जमतं. सुट्टीआधीचे ठिपके मोजले. तीसपैकी दहा पुस्तकं बदलायची, वीस तशीच ठेवायची. सगळी एकदम बदलली की नवीन वाचायला लागलेल्या मुलाचं नुकसान होतं, कारण ते तेच पुस्तक पुन्हा पुन्हा घेतं. आधी चित्रं ओळखतं, मग पाठ झालेलं म्हणतं, आणि कधीतरी बोट शब्दावर थांबतं. त्या टप्प्यावर पुस्तक पेटीत गेलं तर सगळं अर्धवट राहतं.

मग काढायचं कोणतं? कमी ठिपक्यांचं, असं उत्तर सोपं, पण पुरतं खरं नाही. एका बेडकाच्या गोष्टीला दोनच ठिपके होते. पुस्तक चांगलं आहे, फक्त वरच्या दोरीच्या टोकाला, दाराआड होतं. अशा पुस्तकाला आधी जागा बदलून पंधरा दिवस द्यायचे, तरी कोणी हात लावला नाही तर पेटी. उलट एका ट्रकच्या पुस्तकावर ठिपक्यांची गर्दी, पण सगळे हिरवे. म्हणजे एकच मुलगा. ते ठेवलं, आणि शेजारी वाहनांचं दुसरं, थोडं जास्त मजकुराचं पुस्तक लावलं.

पातळीचा प्रश्न वेगळा. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर एक ते चार स्तर असतात आणि त्यात शब्दसंख्या महत्त्वाची: पहिल्या स्तरात अडीचशेपर्यंत, दुसऱ्यात सहाशेपर्यंत. पण मराठीत मूल अडखळतं ते शब्दांच्या संख्येपेक्षा जोडाक्षरांवर. गोष्ट दुसऱ्या भाषेतून आलेली असेल तर पहिल्या स्तरातही ‘प्रत्येक’, ‘आश्चर्य’ येऊन बसतात. त्यामुळे स्तर बघून पुस्तक लावायचं नाही, मधलं एक पान वाचायचं. पानावर तीन-चार जोडाक्षरं असली तर ते पहिलीला मी वाचून दाखवायचं, दुसरीने स्वतः वाचायचं. आजच्या दहांत चार बिनाजोडाक्षरांची, तीन दुसरीची, दोन फक्त चित्रांची आणि एक प्राण्यांच्या माहितीचं, कारण गोष्टी नकोच म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. फक्त चित्रांची पुस्तकं पालकांना फुकट वाटतात, ‘‘यात लिहिलंय काय?’’ म्हणतात. ती मी मुद्दाम खालच्या दोरीवर लावते.

दीडला खिचडी. हात धुऊन, पुसून मगच कोपरा, हा एकच नियम मी कडक ठेवला आहे. हळदीचा अंगठा पानावरून जात नाही.

सव्वादोनला सगळ्यांसमोर दहाही पुस्तकं एकेक करून दाखवली. प्रत्येकाला अर्धं मिनिट: मुखपृष्ठ, एखादं पान, आणि गोष्ट ऐन रंगात आली की बंद. हे न करता गुपचूप टांगलेली नवी पुस्तकं आठवडाभर नवीच राहतात. मग आठ-आठचे गट, वीस-वीस मिनिटं. वाघाच्या पुस्तकावरून ओढाताण झाली. दोघांना एकत्र बसवलं, एकाने पान उलटायचं, दुसऱ्याने सांगायचं.

ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबातली एक मुलगी आजच वर्गात दाखल झाली, बीडकडची. चिमटा कसा काढायचा ते आमच्या दुसरीतल्या मुलीने तिला दाखवलं. तिने उसाच्या बैलगाडीचं चित्र असलेलं पुस्तक काढलं, बैलांच्या शिंगांवर बोट ठेवून ‘‘ह्ये आमच्यावानी न्हाईत’’ म्हणाली आणि परत टांगताना ठिपक्याऐवजी शिंगं काढली. चालतील. ठिपक्यांत ती वेगळी ओळखूही येतील.

साडेतीनला खेळ. त्या वेळात फाटलेली तीन पुस्तकं दुरुस्त केली. गंजलेली पिन काढून सुई-दोऱ्याने मधोमध तीन टाके. पारदर्शक चिकटपट्टी पानावर लावत नाही. दोन वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते.

पावणेपाचला वर्ग रिकामा झाल्यावर शेजारच्या शाळेतल्या सरांना फोन केला. आमची सव्वाशे पुस्तकं वर्षाला पुरत नाहीत, म्हणून केंद्राच्या शिक्षण परिषदेला आम्ही चाळीस-चाळीस पुस्तकांची अदलाबदल करतो.

‘‘सर, या वेळी वाहनांची पुस्तकं जास्त आणाल का?’’

‘‘आणतो की. पण मॅडम, भुतांची परत पाठवा, आमची पोरं रोज विचारतात.’’

भुतांच्या चारही चिठ्ठ्या काढून पाहिल्या. ठिपक्यांना जागा उरली नव्हती. दोन देईन म्हटलं, दोन पुढच्या महिन्यात.