पाच दिवसांची ओळख पुढं टिकते कशी?

ऑक्टोबरात मुखेडच्या मोंढ्यात सोयाबीन उतरू लागलं की भावाआधी विचारलं जातं, ‘हवा किती?’ हवा म्हणजे दाण्यातला ओलावा. हमीभावाच्या खरेदीत एरवी १२ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो. २०२४च्या खरिपात केंद्र सरकारनं ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली, यावरून या दोन-तीन टक्क्यांचं मोल कळतं. समजा, शेतकऱ्याला घरीच ओलावा मोजता यावा म्हणून स्वस्त मीटर बनवायचा विचार घेऊन नांदेडच्या किंवा लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले सहा जण स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये उतरले. त्यांचा मीटर बाजारात येण्याची शक्यता कमीच. हॅकेथॉनमधल्या प्रकल्पांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांतही हेच दिसतं, की स्पर्धेनंतर काही महिने चालू राहणारे प्रकल्प थोडे असतात. टिकण्यासारखी असतात ती तिथं भेटलेली माणसं. मात्र ओळख झाली म्हणून सोबत काम होत नाही. दोघांमध्ये अर्धवट राहिलेला एखादा नेमका प्रश्न असेल, तरच ओळखीचं काम होतं.

केंद्राच्या शिक्षण खात्याची ही स्पर्धा २०१७ साली सुरू झाली. तिचे नियम पाहिले की माणसं कुठं भेटतात ते कळतं. संघ सहा विद्यार्थ्यांचा, त्यात किमान एक मुलगी, आणि सगळे एकाच महाविद्यालयातले. म्हणजे परक्या महाविद्यालयातला सोबती संघात मिळत नाही. मिळते ती वेगळ्या शाखेची जोड. संगणक शाखेचे सहा मित्र एकत्र आले तर नवी ओळख एकही होत नाही. ओलाव्याच्या मीटरला इलेक्ट्रॉनिक्सचा एक, साचा बनवणारा यांत्रिकीचा एक आणि मोंढ्यात माल घेऊन गेलेल्या घरातलं एक जण लागतं. बाहेरची माणसं भेटतात ती अंतिम फेरीत. एका समस्येवरचे निवडलेले संघ साधारणपणे एकाच केंद्रावर येतात. सॉफ्टवेअरची फेरी सलग ३६ तासांची आणि हार्डवेअरची पाच दिवसांची असते. शेजारच्या टेबलावर जे बसलेत, ते त्याच प्रश्नावर काही महिने डोकं लढवून आलेले असतात. त्यांना प्रतिस्पर्धी म्हणून टाळणं ही सगळ्यात महाग चूक, कारण त्या विषयात इतकं बुडालेली समवयस्क माणसं एका जागी पुन्हा क्वचितच सापडतात.

परीक्षकाची ओळख कशी होते, ते मीटरवरूनच पाहू. असा मीटर बहुधा धारकतेवर चालतो. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये दाणे भरले की त्यातल्या पाण्यानुसार धारकता बदलते, आणि त्यावरून टक्केवारी काढतात. पण हेच दाणे दाबून भरले, उन्हात तापलेले असले किंवा वाण बदललं, तरी आकडा हलतो. मधल्या फेरीत परीक्षक येतात, पडद्यावरचा १२.४ हा आकडा पाहतात आणि विचारतात, ‘हा कशाशी ताडून पाहिलात?’ संघ सांगतो, व्यापाऱ्याच्या मीटरशी. परीक्षक म्हणतात, ‘तो मीटरही अंदाजच सांगतो. ओव्हनमध्ये वाळवून पाहिलंत का?’ शंभर ग्रॅम दाणे पूर्ण वाळवल्यावर ८८ ग्रॅम उरले, तर ओलावा १२ टक्के, हा खरा मापदंड. इथं बरेच संघ दोनपैकी एक चूक करतात. काही जण ‘पुढच्या टप्प्यात करू’ म्हणून प्रश्न परतवतात, तर काही जण रात्रभर बसून मीटरवर नवे दिवे लावतात. खरं तर तो प्रश्न वहीत जसाच्या तसा लिहून ठेवायला हवा. परीक्षकानं दिलेल्या गुणांपेक्षा त्याची किंमत जास्त आहे, कारण परीक्षकाला पुन्हा गाठायचं कारण तोच देतो.

स्पर्धेनंतरचे दोन आठवडे निर्णायक असतात. ‘सर, आपलं मार्गदर्शन लाभावं’ अशा पत्राला उत्तर येणं कठीण, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. त्याऐवजी संघानं एमएयूएस ७१ आणि एमएयूएस १५८ या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या दोन वाणांचे दहा-दहा नमुने घ्यावेत, प्रत्येक नमुना मीटरवर आणि ओव्हनमध्ये मोजावा आणि दोन्ही आकड्यांचा तक्ता पाठवावा. सोबत, समजा, अशा चार ओळी पुरतात: तुम्ही विचारलं होतं ते करून पाहिलं, एका वाणात फरक अर्धा टक्का येतो, दुसऱ्यात दोन टक्के, आकड्याची दुरुस्ती वाणागणिक वेगळी धरावी का? हे पत्र वाचणाऱ्याला स्वतःचाच प्रश्न पुढं सरकलेला दिसतो. संघातल्या सोबत्यांची पारखही याच दोन आठवड्यांत होते. स्पर्धेच्या धामधुमीत सगळेच झटतात, तिथं वेग दिसतो. चिकाटी दिसते ती टाळ्या थांबल्यावर विसावा नमुना मोजायला कोण येतं, आणि आपला आकडा चुकला हे आपण होऊन कोण सांगतं, यात.

यावर काही रास्त आक्षेप आहेत. पहिला असा, की ओळखी जिंकणाऱ्यांच्याच होतात. बक्षिसाचं तसं आहे खरं, पण परीक्षकाचा प्रश्न हरलेल्या संघालाही मिळतो, आणि हरलेल्या संघाच्या तक्त्याला कमी महत्त्व द्यायचं कारण नसतं. दुसरा आक्षेप कल्पना चोरीला जाण्याचा. तो उडवून लावण्यासारखा नाही. खासगी कंपन्यांच्या स्पर्धांमध्ये तयार केलेल्या कामावर हक्क कोणाचा, हे नियमांत लिहिलेलं असतं आणि ते नोंदणीआधी वाचायला हवं. हक्क सरसकट आयोजकांकडे जात असेल तर तिथं आपलं मुख्य काम नेऊ नये. तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: परीक्षक एका दिवसात कितीतरी संघ पाहतात, ते कोणाकोणाला वेळ देणार? सगळ्यांना देणार नाहीतच. चांगलं पत्र लिहूनही उत्तर येईल याची खात्री नाही. दोन पत्रांनंतर मौनच असेल तर थांबावं. तरी तक्ता वाया जात नाही. शेजारच्या टेबलावरच्या संघाला तो तितकाच उपयोगी असतो, आणि त्यांच्याकडं कदाचित तापमानाचे आकडे तयार असतात.

मुखेडमध्येच राहून बीएस्सी करणाऱ्यांना हे सगळं दूरचं वाटू शकतं. त्यांच्यासाठी ‘आविष्कार’ हे राज्यातल्या विद्यापीठांचं संशोधन संमेलन जास्त जवळचं आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या फेरीतून निवड झाली की विद्यार्थी राज्य पातळीवर जातो, आणि तिथं कृषी विद्यापीठांचे संघही असतात. भित्तिपत्रकासमोर उभं राहून प्रश्नांना तोंड द्यावं लागतं, म्हणजे हीही प्रश्न जमवायची संधीच. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला धारकता कळते, कृषीच्या विद्यार्थ्याला दाणा कळतो, आणि ओलाव्याचा मीटर नीट व्हायला दोघंही लागतात. संमेलनातून परतताना वहीत फक्त फोन नंबर असेल तर तो काही दिवसांत निरर्थक होतो. नंबरासमोर ‘वाण बदलल्यावर आकडा का हलतो?’ एवढं लिहिलेलं असलं, तर पुढच्या सुगीत फोन करायला कारण असतं, आणि तोवर मोंढ्यात मोजायला नवं सोयाबीनही आलेलं असतं.