गंजलेला नळ आणि दोन पाने

अंगणातला जुना पितळी नळ बदलायचा म्हटलं, की आपण एक पाना लावतो आणि जोर करतो. पण पितळ आणि लोखंड ओलाव्यात एकत्र राहिले, की गंज लोखंडी पाइपाला चढतो आणि आटे जाम होतात. मग नळ जागेवरच राहतो, भिंतीतला पाइप पिळला जातो आणि काही दिवसांनी भिंतीला ओल येते.

म्हणून पाने दोन घ्या. आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी उतरू द्या. सांध्यावर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. पाइपावरून भिंतीपर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढा.

आता एक पाइप पाना सांध्यामागे, पाइपावर. तो जागचा हलू द्यायचा नाही. दुसरा नळाच्या पैलूदार भागावर, तोंड पहिल्याच्या उलट बाजूला. समोरून पाहता नळ घड्याळाच्या उलट फिरवा. हिसका नको, सावकाश वाढता जोर. अडलाच तर किंचित आवळून पुन्हा सोडवा. गंजाची पकड बहुधा अशीच सुटते.

खडूची रेघ तुटलेली दिसली, तर पाइपही फिरतोय, तिथेच थांबा. आणि पाइपाचे आटे पापुद्र्यांसारखे निघाले, तर नवा नळ त्यावर बसणार नाही. मग प्लंबरला बोलवा, पाइपाचा तेवढा तुकडाच बदलावा लागेल.