चाक फिरत असताना

ग्राहकासमोर सॉफ्टवेअर दाखवताना पडद्यावर चाक फिरू लागले की खोलीत शांतता पसरते. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांच्या मांडणीनुसार, एका सेकंदापर्यंतच्या विलंबाने विचाराची साखळी तुटत नाही; दहा सेकंदांपुढे मात्र लक्ष भलतीकडे वळते. म्हणून निवेदन बटण दाबण्याआधीच सुरू व्हावे लागते.

समजा, एका पतसंस्थेच्या संचालकांपुढे थकबाकीची यादी काढायची आहे. निवेदक बटणावर बोट ठेवूनच सांगतो, "आता सगळी अठरा हजार कर्जखाती तपासून आजपर्यंतचं व्याज लावलं जाईल. वीसेक सेकंद लागतील." मग बटण दाबून तो विचारतो, "सध्या ही यादी तुमच्याकडे कोण काढतं? किती वेळ जातो?" व्यवस्थापक उत्तर देईपर्यंत यादी आलेली असते, आणि पुढच्या बोलण्यासाठी ग्राहकाचीच माहिती हाती लागते. वीसचे चाळीस सेकंद झाले, तर तेही लगेच सांगावे. रोजच्या कामातही तेवढाच वेळ लागणार असेल, तर दोष इंटरनेटवर ढकलणे ही फसवणूक ठरते. बराच वेळ पडून असलेला सर्व्हर पहिल्या विनंतीला अनेकदा जास्त वेळ घेतो. त्यासाठी बैठकीआधी तीच यादी एकदा काढून ठेवतात.

आता यादीऐवजी 500 Internal Server Error उमटले असे धरू. ही सर्व्हरच्या बाजूची चूक. कारण या आकड्यावरून कळत नाही. त्यामुळे तिथल्या तिथे अंदाज बांधू नये. "इथे चूक आली आहे, एकदा पुन्हा पाहतो," एवढे पुरे. यादी नुसती वाचायची असते, म्हणून दुसरा प्रयत्न निर्धोक. हप्ता जमा करताना चूक आली, तर मात्र बटण पुन्हा दाबू नये: पहिली नोंद झालेली असू शकते आणि रक्कम दुप्पट चढू शकते. आधी खातेउतारा उघडून पाहावा, तोही ग्राहकासमोरच. हिशेब ठेवणाऱ्यांना ही खबरदारी बिनचूक डेमोपेक्षा जास्त पटते.

दुसरा प्रयत्नही फसला, तर काल काढून ठेवलेली यादी, ती कालची आहे असे सांगून, उघडायची. सहकाऱ्याने चुकीची वेळ आणि पडद्याचे छायाचित्र टिपून ठेवायचे. कारण शोधून नंतर लेखी कळवायचे. सगळ्यांसमोर कोड उघडून दुरुस्ती करत बसणे हा सर्वांत वाईट मार्ग.

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागोतील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर स्कॅनर जोडताच विंडोज ९८ कोलमडले आणि पडदा निळा झाला. सभागृहात हशा पिकला. म्हणूनच बहुधा ते अजून विक्रीला आलेले नाही, अशी कोटी करून गेट्स यांनी वेळ निभावली. विंडोज ९८ त्याच वर्षी २५ जूनला बाजारात आले.