दारूचा थेंब नाही, तरी पाय लटपटतात

वस्तीतल्या एका घरून बोलावणे आले म्हणून आम्ही गेलो. घरचे दादा ४४ वर्षांचे, रंगकाम करणारे. सहा वर्षांपूर्वी ते एकाएकी चिडके झाले, हिशोब चुकू लागले. मग हातातला ब्रश निसटायचा, खांदे उडायचे, पाय वाकडे पडायचे. ठेकेदाराने दारुडा म्हणून कामावरून काढले. नातेवाइकांनी करणी म्हटले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही देवऋषी शिरतो, हे आम्ही नवे पाहत नाही.

दारूची नशा सकाळी उतरते. दादांची हालचाल सकाळीही असायची, फक्त गाढ झोपेत थांबायची. आम्ही त्यांना जीभ बाहेर काढून दहापर्यंत धरायला सांगितले. चारपर्यंतच जीभ आत गेली. मग विचारले, वडिलांना असे काही होते का? वहिनी म्हणाल्या, "मामंजी पन्नाशीत नाचल्यागत चालायचे. लोक पिऊन आले म्हणायचे."

मेंदूच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी करून हंटिंग्टनचा आजार सांगितला. आपल्या जनुकांची भाषा चार अक्षरांची. एका जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. २६ वेळांपर्यंत काही बिघडत नाही. ४० किंवा जास्त वेळा आली तर आयुष्यात कधीतरी आजार होतोच. ३६ ते ३९ असतील तर होईलच असे नाही. वाढलेल्या जनुकामुळे मेंदूच्या आतल्या, हालचाल आणि मनावर ताबा ठेवणाऱ्या भागातल्या पेशी मरत जातात. दादांचा आकडा ४५ निघाला. बापाकडून मुलाकडे येताना ही संख्या वाढू शकते, म्हणून मामंजींना पन्नाशीत झालेले दादांना अडतिशीतच दिसले. यात मागच्या जन्मीचे पाप कुठेच नाही.

आजार बरा करणारे औषध अजून नाही. टेट्राबेनाझिनच्या गोळीने उडणारे हातपाय शांत होतात, पण तिने उदासी वाढू शकते. या आजारात जीव देण्याचे विचारही येतात, म्हणून गोळी सुरू झाल्यावर आम्ही वहिनींना दादांच्या बोलण्याकडे, झोपेकडे लक्ष ठेवायला सांगितले. अंग सतत हलत असल्याने वजनही झपाट्याने उतरते. त्यांना दिवसातून पाच वेळा खायला द्यायचे ठरले: तूप घालून मऊ खिचडी, केळे, अंडे. पातळ पाण्याने ठसका लागतो, म्हणून घट्ट पेज, आणि खाताना ताठ बसवून, गप्पा न मारता.

मुलगा १९ वर्षांचा, मुलगी १५ ची. प्रत्येकाला हे जनुक मिळण्याची शक्यता निम्मी. एकाला मिळाले म्हणून दुसरे सुटत नाही. आत्या म्हणाल्या, दोघांचेही रक्त तपासून टाका, लग्नाआधी कळलेले बरे. आम्ही नाही म्हटले. लक्षण नसलेल्या अल्पवयीन मुलाची ही तपासणी करत नाहीत. सज्ञान माणसाचीही समुपदेशन झाल्यावर, त्याच्या स्वतःच्या इच्छेनेच करतात. एकदा आकडा कळला की तो न कळलेला करता येत नाही.

मुलगा बराच वेळ बापाच्या हातांकडे बघत होता. "सध्या नको," म्हणाला. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ही तपासणी होते, एवढे त्याने वहीत लिहून ठेवले.