जॉबकार्डावरची एक ओळ

भाच्याच्या नव्या मोटारसायकलचा सेल्फ तिसऱ्याच महिन्यात लागेनासा झाला. शोरूमवाले म्हणाले, "गाडी उभी राहत असेल, बॅटरी उतरली. चार्ज करून देतो." वॉरंटीचा बहुतेक वाद इथेच अडतो. नुसती उतरलेली बॅटरी वॉरंटीत बसत नाही, बिघडलेली बसते. दोन्हींतला फरक आपल्यालाच दाखवून द्यावा लागतो.

आम्ही ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तपासणी करून घेतली. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण 2.1 व्होल्टचा. म्हणून चांगली बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवली तर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. आमची सकाळी 10.5 वर होती. म्हणजे जवळजवळ नेमका एक सेल गेलेला. चार्ज न करताच मोजलं असतं तर हा आकडा निरुपयोगी होता, कारण पार उतरलेली चांगली बॅटरीही इतकंच दाखवू शकते.

दोष गाडीचा नाही ना, हेही पाहिलं. दुसरी बॅटरी लावून इंजिन चालू केलं आणि रेस दिल्यावर 14.1 व्होल्ट मिळाले, म्हणजे चार्जिंग ठीक. चावी बंद असताना करंट गळत नव्हता. बाहेरून हॉर्न किंवा दिवे बसवलेले नव्हते. बसवले असते तर डीलरने आधी त्यांच्याकडेच बोट दाखवलं असतं.

मग जुने कागद काढले आणि खरा पुरावा तिथेच सापडला. पहिल्या फ्री सर्व्हिसच्या जॉबकार्डावर त्यांच्याच माणसाने लिहिलं होतं: 'सेल्फ कमजोर, बॅटरी चार्ज केली.' तेव्हा गाडी 640 किलोमीटर चालली होती. म्हणजे तक्रार पहिल्याच सर्व्हिसपासूनची होती.

ईमेल आम्ही एवढाच लिहिला:

"गाडीची डिलिव्हरी 12 जूनला मिळाली. 14 जुलैच्या सर्व्हिसमध्ये सेल्फ कमजोर असल्याची नोंद होऊन बॅटरी चार्ज केली गेली. 29 ऑगस्टला सेल्फ पूर्ण बंद पडला. पूर्ण चार्जनंतर रात्रभर ठेवून 10.5 व्होल्ट. गाडीचं चार्जिंग 14.1. कृपया आमच्यासमोर लोड टेस्ट करून लेखी रिपोर्ट द्यावा व वॉरंटीत बॅटरी बदलून द्यावी. सात दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे."

विषयाच्या ओळीत गाडीचा आणि बॅटरीचा नंबर टाकला. बिल, वॉरंटी कार्ड, जॉबकार्ड आणि मीटरचा फोटो जोडला. प्रत गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेलाही पाठवली. मनस्ताप, फसवणूक असे शब्द मी मुद्दाम काढायला लावले, कारण उत्तर देणारा त्यांनाच धरून बसतो आणि आकडे बाजूला राहतात. उत्तर आलं नसतं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर हेच कागद कामी आले असते.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. लोड टेस्टमध्ये बॅटरी क्षणात कोसळली. नवी बसवण्याआधी भाच्याने तिच्यावरची निर्मितीची तारीख पाहिली आणि वॉरंटी आजपासून की जुन्या बिलापासून, हे कार्डावर लिहून मागितलं. जुन्या बिलापासूनच निघाली.