कात्री आधी कुठे लावायची?

दवाखान्याच्या बिलाच्या तळाशी एक ठळक आकडा असतो आणि बिल आणणाऱ्याची नजर त्याच्यावर खिळलेली असते. लेखा विभागातल्या कारकुनाला मात्र त्या आकड्याकडे सगळ्यात शेवटी पाहावं लागतं. वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या बिलांत जे घोळ होतात, त्यांतले बरेचसे वजाबाकी चुकल्यामुळे होत नाहीत, वजाबाकीचा क्रम चुकल्यामुळे होतात. हा क्रम समजावा म्हणून एक बिल ओळीओळीने तपासून पाहू.

समजा, एका सहकारी बँकेची स्वतःची वैद्यकीय नियमावली आहे. कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला आर्थिक वर्षात 60,000 रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती मिळते, खोलीभाड्याला दिवसाला 3,000 रुपयांची मर्यादा आहे, आणि त्याहून महागडी खोली घेतल्यास डॉक्टरांची फी व शस्त्रक्रियेचा खर्च त्याच प्रमाणात कमी धरला जातो. एका कर्मचाऱ्याच्या पत्नीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तीन दिवस मुक्काम, बिल 66,750 रुपये. या वर्षी त्यांना आधी 4,000 रुपये दिले गेले आहेत, म्हणजे शिल्लक मर्यादा 56,000.

पहिलं काम म्हणजे कागद वेगळे करणं. दवाखाना भरतीच्या वेळी एस्टिमेट देतो, मधे आगाऊ रकमेच्या पावत्या देतो आणि घरी सोडताना अंतिम बिल देतो. एस्टिमेट म्हणजे खर्च नव्हे. आगाऊ पावती हा पैसे भरल्याचा पुरावा आहे, पण तीच रक्कम अंतिम बिलातही असते, त्यामुळे दोन्ही मोजली तर एकच खर्च दोनदा धरला जातो. औषधांचे कॅशमेमो डॉक्टरांच्या चिठ्ठीशी आणि डिस्चार्ज कार्डावरच्या तारखांशी जुळवून घ्यायचे. अपेंडिक्सच्या बिलात मधुमेहाच्या तीन महिन्यांच्या गोळ्या आल्या, तर त्या खोट्या असतीलच असं नाही. बहुधा त्या बाह्यरुग्ण खर्चात जातात आणि तिथली मर्यादा वेगळी असते.

आता वर्गवारी. आपल्या बिलात खोलीभाडं 4,000 प्रमाणे तीन दिवसांचं 12,000 आहे. सर्जनची फी 20,000, भूलतज्ज्ञांची 6,000 आणि शस्त्रक्रियागृहाचे 9,000 मिळून 35,000 होतात. औषधं 11,400, तपासण्या 6,600, आणि ‘इतर’ या नावाखाली 1,750.

‘इतर’ हा शब्द दिसला की दवाखान्याकडून तपशील मागवायचाच. इथे तो असा निघाला: नोंदणी फी 300, सोबत राहिलेल्या नातेवाइकाचं जेवण 600, हातमोजे आणि मास्क 850. पहिल्या दोन गोष्टी उपचारात मोडत नाहीत. हातमोजे-मास्क शस्त्रक्रियागृहाच्या आकारातच धरलेले असतात, म्हणून या नियमावलीत ते वेगळे मिळत नाहीत. पूर्ण 1,750 नामंजूर. औषधांच्या कॅशमेमोत टूथपेस्ट, पावडर, साबण असे 400 रुपये निघाले. ते वजा जाऊन औषधं 11,000. तपासण्या पूर्ण मंजूर.

खोलीभाड्याचं गणित सोपं, पण ते रोजच्या दराने करायचं. 3,000 प्रमाणे तीन दिवसांचे 9,000. इथे एक फसवा रस्ता आहे. समजा, रुग्ण दोन दिवस 4,000 च्या खोलीत आणि एक दिवस 2,500 च्या खोलीत राहिला असता, तर एकूण भाडं 10,500 आणि तीन दिवसांची मर्यादा 9,000, म्हणून 9,000 द्यावेसे वाटतील. पण मर्यादा दिवसाची आहे. पहिल्या दोन दिवसांचे 6,000 आणि तिसऱ्या दिवसाचे प्रत्यक्ष लागलेले 2,500 मिळून 8,500 च होतात. एक्सेलमध्ये म्हणूनच प्रत्येक दराला वेगळी ओळ ठेवावी. C मध्ये दर, D मध्ये मर्यादा, E मध्ये दिवस:

```
=MIN(C2,D2)*E2
```

सगळ्यात जास्त वाद होतो तो पुढच्या पायरीवर. ‘मॅडम, खोलीचे पैसे कापलेत ते कळलं. पण डॉक्टरांच्या फीला कात्री का?’ प्रश्न रास्त आहे. बऱ्याच खाजगी दवाखान्यांत एकाच ऑपरेशनची फी जनरल वॉर्डात एक आणि स्वतंत्र खोलीत दुसरीच असते. खोली महाग घेतली की तिच्याबरोबर फीचा दरही चढतो, म्हणून नियमावली त्या फीलाही तेच प्रमाण लावते. आपल्या बिलात 4,000 पैकी 3,000, म्हणजे 75 टक्के. 35,000 चे 26,250.

हे प्रमाण औषधांना आणि तपासण्यांना लावायचं नाही, कारण गोळीची किंमत खोलीवर ठरत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने 2020 मध्ये विमा कंपन्यांसाठी हेच स्पष्ट केलं: औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवायची उपकरणं आणि तपासण्या यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येणार नाही, आणि अतिदक्षता विभागाच्या आकारावरही नाही. ज्या दवाखान्यात खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथेही ती लागू होत नाही. संस्थेची स्वतःची नियमावली विमा पॉलिसी नसते, त्यामुळे हा नियम तिला आपोआप बांधत नाही. पण नियमावलीची भाषा विम्यावरून घेतली असेल, तर अर्थही तोच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. अख्ख्या बिलाला 75 टक्के लावून मोकळं होणं हा कर्मचाऱ्यावर सरळ अन्याय आहे.

आता बेरीज: खोली 9,000, शस्त्रक्रिया 26,250, औषधं 11,000, तपासण्या 6,600. पात्र रक्कम 52,850. नामंजूर रक्कम वेगळी मोजायची: 3,000, 8,750, 400 आणि 1,750, एकूण 13,900. दोन्ही मिळून 66,750 झाले, बिल जुळलं. नामंजूर रक्कम ‘एकूण वजा मंजूर’ अशी काढली, तर ही पडताळणी होतच नाही. म्हणून प्रत्येक ओळीपुढे तिची कपात आणि कपातीचं कारण लिहायचं.

वार्षिक मर्यादेचा नंबर यानंतर लागतो. शिल्लक 56,000, पात्र रक्कम तिच्या आत, म्हणून देय 52,850. हाच क्रम उलटा केला तर काय होतं ते पाहा. कोणी ओळी न तपासता 66,750 ला थेट 56,000 ची मर्यादा लावली, तर 3,150 रुपये जास्त जातात. दुसऱ्या कोणी आधी 56,000 वर आणून मग त्यातून 13,900 कापले, तर हातात 42,100 पडतात, 10,750 रुपये कमी. या दुसऱ्या पद्धतीत नामंजूर खर्चसुद्धा मर्यादेतली जागा खातो. एकच बिल, एकच नियमावली, तरी तीन टेबलांवर तीन उत्तरं येतात. खतावणीतही मर्यादेतून 52,850 च वजा करायचे, 66,750 नव्हे. कुटुंबाचे वर्षाचे 3,150 अजून शिल्लक आहेत.

याच नोंदीत आयकरासाठी आणखी एक रकाना हवा. आर्थिक वर्ष 2017-18 पर्यंत वर्षाला 15,000 रुपयांपर्यंतची वैद्यकीय प्रतिपूर्ती करमुक्त होती. 2018-19 पासून ती सवलत गेली आणि तिच्या जागी 40,000 रुपयांची प्रमाणित वजावट आली. सरकारी रुग्णालयातल्या उपचाराच्या प्रतिपूर्तीची सूट मात्र कायम राहिली. त्यामुळे दवाखाना सरकारी की खाजगी, ही नोंद बिल मंजूर करतानाच करून ठेवली, तर मार्चमध्ये पगारपत्रक करणाऱ्याला जुनी व्हाउचरं उपसावी लागत नाहीत.

टाके काढल्यानंतरचं 1,200 रुपयांचं बिल आठवड्याने येईल. नियमावलीत डिस्चार्जनंतरचे काही दिवस भरतीच्याच खर्चात धरले असतील, तर ते याच प्रकरणाला जोडायचं आणि उरलेल्या 3,150 मधून द्यायचं. तसं कलम नसेल, तर ते बाह्यरुग्ण खर्चाच्या खात्यात जाईल.