शिल्लक सातशे, मुभा दोनशेची

भाच्याचा फोन आला तेव्हा तो वैतागलेला होता. "मावशी, वॉलेटमध्ये सातशे आहेत. मी अडीचशेच बदलून मागतोय. तरी व्यवहार होत नाही आणि फी मात्र कापली जातेय!" इथरियमवरचे यूएसडीसी टोकन देऊन त्याला ईथर घ्यायचं होतं. चारच दिवसांपूर्वी त्याच संकेतस्थळावर, त्याच वॉलेटमधून त्यानं तीनशे यूएसडीसी बदलले होते आणि तेव्हा काहीच अडलं नव्हतं. मग आताच काय बिघडलं?

बिघडलं काहीच नव्हतं. त्याच्या शिलकीशेजारी आणखी एक आकडा लिहिलेला असतो, तो त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

आपण बोलताना "वॉलेटमधले टोकन" म्हणतो, पण टोकन वॉलेटमध्ये नसतात. यूएसडीसीचं स्वतःचं एक काँट्रॅक्ट इथरियमवर आहे. काँट्रॅक्ट म्हणजे साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्राम. कोणत्या पत्त्यावर किती टोकन आहेत याची खातेवही त्या काँट्रॅक्टमध्ये असते आणि वॉलेटजवळ असते फक्त सही करण्याची किल्ली. अदलाबदल करून देणारं काँट्रॅक्ट वेगळं, त्याला राउटर म्हणतात. राउटरला एकाच व्यवहारात दोन कामं उरकायची असतात : तुमचे टोकन घ्यायचे आणि त्याच दमात दुसरे तुमच्या हाती ठेवायचे. तुम्ही आपणहून टोकन राउटरच्या पत्त्यावर पाठवून दिलेत, तर ते कोणी आणि कशासाठी पाठवले हे त्याला कळत नाही, आणि ते तिथंच अडकून पडू शकतात. म्हणून तुमचे टोकन राउटर स्वतः उचलतो. पण दुसऱ्याच्या खात्यातून उचलायचं तर खातेदाराची लेखी परवानगी हवीच.

ही सोय ईआरसी-२० या नियमावलीतच आहे. फॅबियन व्होगेलस्टेलर आणि विटालिक बुटेरिन यांनी ती २०१५ मध्ये मांडली. तिच्यात `approve` ही आज्ञा आहे. अमुक पत्त्याला माझ्या खात्यातून इतके टोकन उचलू द्या, असं तिनं सांगायचं. ही मुभा टोकनच्या खातेवहीत नोंदली जाते. पुढे राउटर `transferFrom` म्हणतो, तेव्हा यूएसडीसीचं काँट्रॅक्ट शिल्लक पुरते का आणि मुभा पुरते का, हे दोन्ही बघतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी अख्खा व्यवहार उलटतो. ईथर हे साखळीचं मूळ चलन असल्यामुळे त्याला ही परवानगी लागत नाही. ईथर देऊन टोकन घेणाऱ्याला म्हणूनच हा अनुभव येत नाही आणि उलट दिशेनं जाताना तो गोंधळतो.

भाच्याच्या खात्यात सुरुवातीला हजार यूएसडीसी होते. पहिल्या वेळी वॉलेटनं मर्यादा विचारली, तेव्हा त्यानं ५०० लिहिले. मग ३०० बदलले. शिल्लक हजारावरून ७०० वर आली आणि मुभा पाचशेवरून २०० वर. मुभा प्रत्येक उचलीबरोबर कमी होते, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. पाचशेच्या आतला कितीही रकमेचा व्यवहार कितीही वेळा करता येईल, अशी त्याची समजूत होती. आता अडीचशे मागितले तर पन्नास कमी पडणारच.

चांगली संकेतस्थळं मुभा आधीच वाचतात आणि ती अपुरी असेल तर अदलाबदलीच्या बटणाऐवजी परवानगीचं बटण दाखवतात. हे संकेतस्थळ तसं करत नव्हतं. व्यवहार फसण्याची शक्यता आहे असं वॉलेटनं बजावलं होतं, पण त्यानं ते बाजूला सारून सही केली. फसलेल्या व्यवहारात टोकन जागेवरच राहतात. गॅस मात्र परत मिळत नाही, कारण तोवर साखळीनं काम केलेलं असतं.

मी त्याच्याकडून व्यवहाराचा दुवा मागवला. इथरस्कॅनवर लाल अक्षरांत एवढंच होतं :

```
TransferHelper: TRANSFER_FROM_FAILED
```

माझी खरी तक्रार या ओळीबद्दल आहे. टोकनच्या काँट्रॅक्टनं आतून नेमकं कारण सांगितलेलं असतं, पण अनेक राउटर ते गाळून स्वतःचा ठरीव संदेश पुढे करतात. काही ठिकाणी तर नुसतं `STF` दिसतं. शिल्लक कमी असली तरी हाच संदेश येतो आणि मुभा कमी असली तरी हाच. म्हणून माणूस पुन्हा पुन्हा शिल्लक तपासत बसतो.

मुभा तपासायला पैसे पडत नाहीत. इथरस्कॅनवर यूएसडीसीचं काँट्रॅक्ट उघडून Read as Proxy या भागात `allowance` शोधायचं. पहिल्या चौकटीत आपला पत्ता, दुसऱ्या चौकटीत राउटरचा. राउटरचा पत्ता फसलेल्या व्यवहारात To समोर सापडतो. आम्हाला उत्तर आलं :

```
200000000
```

यूएसडीसीला सहा दशांश स्थळं आहेत, म्हणून शेवटचे सहा आकडे सोडून वाचायचं : २००. इथं शून्य आलं असतं तर परवानगी दिलेलीच नाही, किंवा ती दुसऱ्याच राउटरला किंवा दुसऱ्याच साखळीवर दिली आहे, असं समजलं असतं. संकेतस्थळानं राउटर बदलला की जुनी मुभा नव्याला लागू होत नाही.

"मग पन्नासची परवानगी देतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी थांब म्हणायच्या आत सही करून मोकळा झाला आणि व्यवहार पुन्हा फसला. `approve` आधीच्या मुभेत भर घालत नाही, जुना आकडा पुसून नवा लिहितं. दोनशेत पन्नास मिळून अडीचशे होण्याऐवजी मुभा पन्नासवरच आली होती. तिसऱ्यांदा त्यानं २५० लिहिले, ती परवानगी साखळीवर पक्की होईपर्यंत थांबला आणि मगच अदलाबदल केली. या वेळी ईथर आले.

यूएसडीटी असतं तर यातही एक पायरी वाढली असती. इथरियमवरचं ते काँट्रॅक्ट शिल्लक राहिलेल्या मुभेवर नवी मुभा लिहूच देत नाही. आधी ती शून्यावर आणायची, मग हवा तो आकडा द्यायचा. याला कारण आहे. तुम्ही ५०० ची मुभा ३०० वर आणत असताना समोरच्यानं मधल्या क्षणी जुने ५०० उचलले, तर नंतर नव्या नोंदीतले ३०० ही त्याला उचलता येतात.

"सरळ अमर्याद परवानगीच देऊन टाकतो," असं भाचा वैतागून म्हणालाच. अनेक संकेतस्थळं आपणहून तेच सुचवतात, आणि मग गॅस एकदाच पडतो हेही खरं. मी त्याला डिसेंबर २०२१ मधलं बॅजरडाओचं प्रकरण सांगितलं. चोरट्यांनी त्या संकेतस्थळात घुसवलेला कोड लोकांकडून स्वतःच्या पत्त्यासाठी परवानग्या मिळवत होता. पुढे त्याच परवानग्यांच्या जोरावर सुमारे १२ कोटी डॉलरची टोकन उचलली गेली. मोठ्या मुभेची सही एकदा झाली की उचलीच्या वेळी तुम्हाला कोणी विचारत नाही.

त्यानं `allowance` पुन्हा वाचलं. या वेळी उत्तर `0` आलं, आणि त्याच्या खात्यात साडेचारशे यूएसडीसी उरले होते.